दहा वर्षांत पैसा आला कुठून: चिपळूणच्या एका घराचा हिशेब

एप्रिल २०१४ ते मार्च २०२४ या दहा वर्षांचा एका कुटुंबाचा जमाखर्च माझ्याजवळ आहे. बँकेतील नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ओळखीच्या लोकांचे हिशेब मांडून देण्याचे काम मी करत आलो आहे, आणि हे कुटुंब माझ्या शेजारच्या घरातील नात्याचे आहे. नवरा लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर आहे, बायको घरी शिवणकाम करते, एक मुलगी शाळेत जाते आणि मूळ घर गुहागर तालुक्यातील एका वाडीत आहे. त्यांच्या संमतीने, नावे वगळून आणि आकडे हजारात पूर्ण करून हा हिशेब येथे मांडतो. भविष्यनिर्वाह निधीत पगारातूनच कापली जाणारी रक्कम यात धरलेली नाही. हातात येणाऱ्या पैशाचे त्यांनी काय केले, आणि जमलेली रक्कम बचतीच्या दरातून उभी राहिली की परताव्यातून, एवढ्यापुरताच हा विचार आहे.

२०१४-१५ मध्ये दोघांचे मिळून हातात येणारे उत्पन्न महिन्याला ३०,००० रुपये होते. त्यातले ३,००० रुपये तो दरमहा शेअर बाजारात घालत असे. डोंबिवलीला राहणारा मावसभाऊ फोनवर कंपन्यांची नावे सांगे आणि हा रात्रपाळी करून आल्यावर झोपण्याऐवजी भाव पाहत बसे. पहिले वर्ष बाजाराला चांगले गेले. मार्च २०१५ मध्ये तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. "काका, एका शेअरमध्ये बावीस टक्के सुटले," असे त्याने सांगितले, आणि ते खोटे नव्हते.

मी त्याला सर्व शेअरांची एकूण किंमत विचारली. वर्षभरात ३६,००० रुपये घातले होते आणि किंमत ४०,००० झाली होती, म्हणजे लाभ ४,००० रुपयांचा होता. हेच पैसे दरमहा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे पीपीएफमध्ये, गेले असते तर त्या वर्षीच्या ८.७ टक्के दराने सुमारे १,७०० रुपये व्याज पडले असते, कारण दरमहा भरलेली रक्कम वर्षभरात सरासरी सहा-साडेसहा महिनेच व्याज कमावते. वर्षभराच्या जागरणाची अधिकची कमाई अशा रीतीने २,३०० रुपये भरली. त्याच वर्षी गणपतीसाठी त्याने पतपेढीतून २५,००० रुपये १४ टक्क्यांनी उचलले होते आणि दहा हप्त्यांत फेडताना सुमारे १,६०० रुपये व्याज दिले होते. बाजारातून उजव्या हाताने जे जास्त मिळवले, त्यातले बहुतेक डाव्या हाताने पतपेढीला गेले. या दोन रकमा एकमेकींशेजारी ठेवून त्याने कधी पाहिल्या नव्हत्या, कारण एकीकडे टक्के मोजले जात होते आणि दुसरीकडे फक्त हप्ता.

पुढची दोन वर्षेही तो त्याच वाटेने गेला. तीन वर्षांत १,१५,००० रुपये घातले आणि मार्च २०१७ मध्ये त्यांचे १,३४,००० झाले. हा परतावा वर्षाला सुमारे ११ टक्के पडतो, आणि नवख्या माणसाच्या मानाने तो उत्तम म्हणावा लागेल. परंतु ८ टक्क्यांनी तीच रक्कम १,२९,००० झाली असती. तीन वर्षे बाजारावर मात केल्याचे मोल ५,००० रुपये निघाले. हा त्याच्या कौशल्याचा दोष नव्हता. रक्कमच लहान होती, आणि लहान रकमेवर मोठा टक्का फारसे काही करू शकत नाही.

आपण किती बचत करतो याविषयी त्या दोघांची जी समजूत होती, तिच्याकडे येथे वळावे लागेल, कारण बहुतेक घरांत चूक तिथेच होते. आपण उत्पन्नाचा सहावा भाग वाचवतो, असे ते समजत होते. शेअरचे ३,००० आणि भिशीचे २,००० मिळून ५,००० होतात, हा त्यांचा हिशेब. परंतु भिशीचा नंबर लागला की ते पैसे घरात येत आणि कधी मिक्सर, कधी कपाट, कधी शिमग्याचा प्रवास यांत संपत. ती बचत नव्हती, पुढे ढकललेला खर्च होता. बचतीचा खरा दर काढण्याची रीत सोपी आहे. वर्षाअखेरच्या सर्व शिलकीतून वर्षारंभीची शिल्लक वजा करावी, त्यातून व्याज आणि भाववाढ वजा करावी, उधारी वाढली असेल तर तीही वजा करावी, आणि उरलेल्या रकमेला वर्षभरात हातात आलेल्या उत्पन्नाने भागावे. या रीतीने त्यांचा दर तिन्ही वर्षे १० टक्क्यांच्या आसपासच निघाला. ज्या घराचे उत्पन्न हंगामी आहे, उदाहरणार्थ १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ज्याची होडी किनाऱ्याला असते, त्याने तर हा दर महिन्यावर कधीच काढू नये, वर्षावरच काढावा.

मे २०१७ मध्ये आम्ही तिघे एका रविवारी वही घेऊन बसलो. काटकसर करा, असे मी त्यांना सांगितले नाही. त्या घरात चैन नव्हतीच. पैसा कोणत्या वेळी कोणत्या वाटेने बाहेर पडतो, एवढेच आम्ही पाहिले आणि चार गोष्टी निघाल्या.

पहिली गोष्ट मोटारसायकलच्या कर्जाची. महिना २,६०० रुपयांचा हप्ता सप्टेंबरमध्ये संपणार होता. हप्ता संपला की ते पैसे घरखर्चात मिसळून जातात आणि दोन महिन्यांनी ते कुठे गेले हे सांगता येत नाही. म्हणून ऑक्टोबरपासून तेवढीच रक्कम त्याच तारखेला पीपीएफमध्ये वळवायची असे ठरले. हप्त्याची सवय घराला तीन वर्षे झालेलीच होती, त्यामुळे काहीही नव्याने सोसावे लागले नाही. दुसरी गोष्ट पगारवाढीची. वाढ मिळाली की तिचा निम्मा भाग पहिल्याच महिन्यापासून बचतीत जावा आणि निम्मा घरात यावा, असा नियम केला. तिसरी गोष्ट तारखेची. पगार सात तारखेला होत असे आणि उरले तर महिन्याच्या शेवटी शेअर घेतले जात. आता बँकेला आठ तारखेची कायमची सूचना देण्यात आली.

चौथी गोष्ट मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटते. गावच्या वाट्याची पंधरा-सोळा हापूसची कलमे व्यापाऱ्याला खंडाने दिलेली होती. त्याचे वीसएक हजार रुपये मे महिन्यात रोख हातात येत, पण मोहोर चुकला की निम्मेच येत. या पैशाला घरात कोणी उत्पन्न समजत नव्हते. ते आंब्याचे पैसे होते आणि आंब्यासारखेच पावसाच्या आधी संपत. बायकोनेच सुचवले की हे पैसे वेगळ्या खात्यात राहू द्यावेत आणि गणपतीचा खर्च त्यातूनच व्हावा. मे आणि भाद्रपद यांच्यात तीन-साडेतीन महिन्यांचे अंतर असते, आणि नेमके तेवढे अंतर भरण्यासाठी ते दरवर्षी १४ टक्क्यांनी कर्ज काढत होते. त्या वर्षापासून पतपेढीचे कर्ज थांबले ते पुन्हा निघाले नाही. ज्या वर्षी कलमे कमी लागली, त्या वर्षी आरतीला येणाऱ्यांच्या फराळात एखादा पदार्थ कमी झाला. कलमांचे हे पैसे पुढच्या कोणत्याही आकड्यात धरलेले नाहीत.

२०१७-१८ मध्ये उत्पन्न ४,४०,००० होते आणि बचत ६६,००० झाली, म्हणजे १५ टक्के. ठरवल्यापेक्षा ती पाच-सहा हजारांनी कमी पडली, कारण मुलीच्या आजारपणात एक महिना सूचना रद्द करावी लागली होती. पुढच्या वर्षी हप्त्याची रक्कम पूर्ण बारा महिने वळली आणि पगारवाढीचा निम्मा भाग भरीस पडला, तेव्हा ४,७०,००० पैकी ९४,००० वाचले आणि दर २० टक्क्यांवर गेला. एप्रिल २०१९ मध्ये भिशी बंद केली. त्या पैशांतले १८,००० रुपये बायकोच्या दुसऱ्या, मोटारीवर चालणाऱ्या शिलाई मशीनला गेले, आणि तरीही त्या वर्षी १,२०,००० रुपये शिल्लक पडले. लग्नसराईतली ब्लाउजची कामे ती आधी नाकारत असे, ती आता घेऊ लागली. ज्या घरात कापण्यासारखा खर्च उरलेला नाही, तिथे बचतीचा दर वाढवण्याचा हाच मार्ग असतो. वाढलेले उत्पन्न घरखर्चाला सवय होण्याआधी बाजूला पडले पाहिजे, एवढीच अट.

जुने शेअर त्याने २०१७ मध्येच विकले. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखाची मर्यादा असल्याने ते पैसे दोन आर्थिक वर्षांत विभागून तिथे भरले. पुढची बचत बहुतेक पीपीएफमध्ये, काही बँकेतील आवर्ती आणि मुदत ठेवीत आणि सुमारे पाचवा हिस्सा निर्देशांकावर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात गेली. पीपीएफचा दर त्या काळात थोडा वरखाली होत राहिला आणि एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के झाला. सर्व मिळून परतावा सुमारे ८ टक्के पडला. यात अभिमानाने सांगावे असे काही नाही, आणि या प्रकरणाचा मुद्दा नेमका तोच आहे.

२०२०-२१ मध्ये टाळेबंदीत शिवणकाम थांबले आणि जादा पाळ्या गेल्या. उत्पन्न ४,८०,००० वर आले, तरी एक लाख वाचले. मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला तेव्हा फंडातील रक्कम थोडी असल्यामुळे नवरा फारसा हलला नाही. त्यानंतर २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. त्यांचे भाड्याचे घर तळमजल्यावर होते. फ्रिज, धान्य, गाद्या आणि दोन्ही शिलाई मशीन पाण्याखाली गेली. ऑगस्टमध्ये मुदत ठेव मोडून ७०,००० रुपये काढले. त्या वर्षी त्यांनी ६०,००० भरले होते, म्हणजे निव्वळ बचत १०,००० रुपयांनी उणे झाली. परंतु मशीन तीन आठवड्यांत पुन्हा सुरू झाले, सोने गहाण पडले नाही आणि फंडाला हात लावावा लागला नाही. त्याच गल्लीत ज्यांची सारी शिल्लक शेअरांत किंवा कुणाला वापरायला दिलेल्या पैशांत अडकली होती, त्यांना त्या महिन्यात मिळेल त्या व्याजाने उधार घ्यावे लागले, हे मी पाहिले आहे.

पुढच्या दोन वर्षांत त्यांनी अनुक्रमे दीड लाख आणि एक लाख ऐंशी हजार वाचवले. २०२३-२४ मध्ये उत्पन्न सहा लाख होते, म्हणजे दर ३० टक्क्यांवर पोहोचला. हे पोट मारून झाले का, असा प्रश्न कोणीही विचारील. कर्जाचा हप्ता आणि भिशी वगळली तर त्यांचा घरखर्च २०१६-१७ मध्ये ३,१४,००० होता आणि २०२३-२४ मध्ये ४,२०,००० झाला, म्हणजे सात वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने वाढला. महागाईच्या मानाने ही वाढ फार नव्हती. ओढाताण होती, आणि ती मी लपवणार नाही. पण वाढत्या पगाराबरोबर राहणीमान तितकेच वर चढू न देणे, एवढ्यापुरतीच ती होती.

मार्च २०२४ अखेर त्यांच्याजवळ सुमारे ११,२६,००० रुपये जमले, पुरात काढलेले पैसे वजा जाऊन. आता याची तुलना त्याने सोडलेल्या वाटेशी करून पाहू. समजा २०१७ नंतरही बचत १० टक्केच राहिली असती आणि परतावा ८ टक्के मिळाला असता, तर रक्कम ६,९६,००० झाली असती. त्याच १० टक्के बचतीवर सात वर्षे सलग १५ टक्के परतावा मिळाला असता, एकही वाईट वर्ष आले नसते आणि पुरासाठी एक रुपयाही काढावा लागला नसता, तरी ९,४६,००० झाले असते. ११,२६,००० पर्यंत पोहोचण्यासाठी त्याला दरवर्षी सुमारे १९ टक्के मिळवावे लागले असते, तेही पुरासाठी काही न काढता.

हाच हिशेब उलट बाजूने मांडला की तो अधिक बोलका होतो. त्यांनी जी बचत प्रत्यक्षात केली, ती सगळी २०१७ पासून साध्या बचत खात्यात साडेतीन टक्क्यांनी पडून राहिली असती, आणि पुराचे ७०,००० त्यातून गेले असते, तरी साडेनऊ लाख जमले असते. दहा टक्के वाचवणाऱ्या माणसाला १५ टक्के परताव्याने जितके मिळाले असते, तितकेच हे आहे. पैसे बचत खात्यात ठेवावेत असा याचा अर्थ नाही, कारण महागाई तिथे रोज कुरतडत असते आणि साडेतीन व आठ टक्क्यांतला फरक या घरात पावणेदोन लाखांचा होता. पण हा फरक मिळवायला पीपीएफचे खाते उघडणे पुरले. आठवरून पंधरावर जाण्यासाठी मात्र नशीब, वेळ आणि धोका तिन्ही लागतात, आणि धोका पत्करूनही ते हाती येईलच असे नाही. वायदे बाजारात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, असे सेबीच्याच पाहणीत आढळले. आपल्या भागात जास्त परताव्याचा मोह शेअरपेक्षा पतसंस्थेच्या रूपाने अधिक येतो. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळतात म्हणून सगळी ठेव तिथे नेली जाते. बँकेतील ठेवीला, सहकारी बँकेतीलही, पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे आणि पतसंस्थेतील ठेवीला ते नाही, याचा विचार त्या वेळी होत नाही.

बचतीचा दर वाढला की आणखी एक गोष्ट घडते, जी परताव्याने कधीच घडत नाही. तीस टक्के वाचवणाऱ्या या घराचा महिन्याचा खर्च ३५,००० आहे, म्हणून ११,२६,००० रुपये त्यांना बत्तीस महिने पुरतील. दहा टक्के वाचवून हेच घर महिन्याला ४५,००० खर्च करत राहिले असते, तर १५ टक्के परताव्याचे ९,४६,००० रुपये एकवीस महिन्यांत संपले असते. कारखाना बंद पडला तर किती दिवस तग धरता येईल, हाच प्रश्न लोट्यातल्या कामगाराला रात्री जागा ठेवतो, आणि त्याचे उत्तर लाखांत नव्हे तर महिन्यांत मोजावे लागते.

हे सगळे कायमचे खरे नाही. दरवर्षी सारखीच रक्कम वाचवली तर वर्षाचे व्याज त्या वर्षीच्या बचतीला केव्हा गाठते, याचा एक नेमका नियम आहे. त्या दराने पैसा जितक्या वर्षांत दुप्पट होतो, तितकी वर्षे लागतात. बहात्तरला व्याजदराने भागले की ही वर्षे जवळपास मिळतात. आठ टक्क्यांना नऊ वर्षे, बारा टक्क्यांना सहा. त्याआधी वर्षभरात जमणाऱ्या पैशाचा मोठा भाग आपल्या पगारातून उभा राहतो, नंतर व्याजातून. बचत दरवर्षी वाढत असेल तर हा क्षण आणखी पुढे जातो, आणि म्हणूनच या घरात दहाव्या वर्षीही व्याज सुमारे ७७,००० आणि बचत १,८०,००० असे चित्र होते.

तरी ते आता त्या वळणाच्या जवळ येत आहेत. बचत आहे तेवढीच ठेवली तरी आणखी चार वर्षांनी, मार्च २०२८ च्या सुमारास, रक्कम साडेबावीस लाखांच्या पुढे जाईल आणि ८ टक्क्यांनी वर्षाचे व्याज वर्षाच्या बचतीइतके होईल. पहिल्या वर्षी एक टक्क्याचा फरक त्यांना सुमारे दोनशे रुपयांचा होता, महिन्याच्या बचतीच्या पंधराव्या हिश्शाइतका. त्या वेळी तो वर्षाला २२,५०० रुपयांचा, म्हणजे दीड महिन्याच्या बचतीइतका असेल. फंडाचा वार्षिक खर्च किती, दलाल मध्ये आहे की थेट गुंतवणूक आहे, पीपीएफ आणि शेअर यांचे प्रमाण काय असावे, हे प्रश्न तेव्हा रविवारची दुपार घालवण्याइतके मोलाचे होतील.

गेल्या एप्रिलमध्ये तो पुन्हा आला. हातात फंडाचे विवरणपत्र होते आणि त्यातले खर्चाचे प्रमाण त्याने लाल शाईने अधोरेखित केले होते. "काका, आता हे पाहायला हवे ना?" असे त्याने विचारले. मी वही काढली.